इंटर्नशिपचा पहिला ई-मेल : अनुभव नसताना काय लिहावे?

अभियांत्रिकीचे चौथे सत्र सुरू झाले की कराड, सांगली, आष्टा, राजारामनगर आणि सातारा येथील विद्यार्थ्यांकडून जी विचारणा होऊ लागते, तिचा आशय थोड्याफार फरकाने एकच असतो : सुटीत एखाद्या कारखान्यात इंटर्नशिप करावी असे मनात आहे, कारखान्याचा ई-मेलचा पत्ताही खटपट करून मिळवला आहे, परंतु आजवर कोठेच नोकरी केलेली नसल्यामुळे त्या ई-मेलमध्ये लिहावे तरी काय, हे उमगत नाही. मग कोणीतरी वरच्या वर्गातील मित्राचा जुना मजकूर मागून घेतो, त्यातील नाव बदलतो, आणि तोच मजकूर चाळीस पत्त्यांवर एकाच वेळी रवाना करून उत्तराची वाट पाहत बसतो.

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अनुभव नसतो, ही गोष्ट वाचणाऱ्यास ठाऊकच असते, आणि ती उणीव म्हणून तो आपल्या नावापुढे मांडतही नाही. त्याची अडचण निराळी असते. हा मुलगा किंवा ही मुलगी उद्या सकाळी कारखान्याच्या दारात उभी राहिली, तर तिला कोणाच्या हाताखाली द्यावयाचे आणि दिवसभर कोणते काम सांगावयाचे, हा त्याचा प्रश्न असतो. ज्या ई-मेलमध्ये या प्रश्नाचे उत्तर आयते मिळते, त्याचा विचार होण्याचा संभव अधिक. म्हणून या लेखात आपण तेवढ्याच एका गोष्टीची तयारी कशी करावी, ते क्रमाने पाहू.

१. वाचणारा कोण, हे आधी ठरवा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आपला ई-मेल साधारणपणे तीन प्रकारच्या कचेऱ्यांत जाऊ शकतो, आणि तिन्ही ठिकाणची रीत वेगळी आहे.

- मोठ्या कंपन्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी किंवा साताऱ्यात १९२२ पासून चालत आलेला कूपर उद्योग, यांसारख्या ठिकाणी अर्ज मनुष्यबळ विभागाकडे जातो. तेथे इंग्रजीत लिहावे. त्यापूर्वी आपल्या महाविद्यालयातील प्रशिक्षण व नियुक्ती अधिकाऱ्यांना, म्हणजे ज्यांना आपण सर्वजण टीपीओ म्हणतो त्यांना, अवश्य विचारावे. कारण कंपनी महाविद्यालयामार्फतच विद्यार्थी घेत असेल, तर परस्पर पाठवलेला अर्ज नुसता पडून राहतो.
- सहकारी साखर कारखाने. येथे अर्ज कार्यकारी संचालकांच्या नावे करावा आणि त्यात मुख्य अभियंत्यांच्या विभागाचा उल्लेख करावा. मराठी मजकूर येथे सर्वस्वी शोभतो. ई-मेल पाठवल्यावर त्याची छापील प्रत महाविद्यालयाच्या पत्रासह आवक-जावक विभागात देऊन पोच घ्यावी; पुढे चौकशी करताना त्या पोचेवरचा आवक क्रमांक उपयोगी पडतो.
- औद्योगिक वसाहतींतील लहान उद्योग. कुपवाड, मिरज, पलूस किंवा सातारा येथील फाउंड्री, मशीन शॉप अथवा फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ई-मेल बहुधा मालक स्वतःच, आणि तोही मोबाइलवर, वाचतात. त्यांच्या दृष्टीस पहिल्या दोन ओळी पडतात; त्या दोन ओळींत आपण कोण, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखांना येऊ इच्छिता हे आले पाहिजे. भाषा मराठी असो वा इंग्रजी, आपल्याला बिनचूक लिहिता येते ती निवडावी.

अनुभव नसलेल्या विद्यार्थ्यासाठी या तिघांपैकी तिसरे दार बहुधा अधिक लवकर उघडते. कारण निर्णय घेणारा आणि काम सांगणारा माणूस तेथे एकच असतो. पुढील उदाहरण म्हणूनच त्या प्रकारातले घेतले आहे.

२. केव्हा पाठवावा

परीक्षा संपल्यावर लिहावयास बसणे हा नेहमीचा प्रमाद होय. कारखान्याने होकार दिल्यानंतरही महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र, विभागप्रमुखांची सही आणि कारखान्याच्या दारावरचा प्रवेश-परवाना एवढे सोपस्कार शिल्लक राहतात, आणि त्यांत तीन-चार आठवडे सहज निघून जातात. सुटी ज्या तारखेला सुरू होते, तिच्या दोन-अडीच महिने आधी पहिला ई-मेल गेला, तर ही सर्व कामे बेताबेताने उरकतात.

साखर कारखान्याच्या बाबतीत एक विशेष ध्यानात घ्यावा. गाळपाचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, आणि त्यानंतरच्या ऑफ सीझनमध्ये मिल, टर्बाइन, पंप व बॉयलर उघडून त्यांची दुरुस्ती केली जाते. यंत्रे चालताना पाहावयाची असतील तर सुटीत जाऊन निराशा पदरी येईल. परंतु यंत्राच्या अंतर्भागाची रचना, झिजलेले रोलर आणि काढून ठेवलेली बेअरिंगे प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा असेल, तर यांत्रिकी शाखेच्या विद्यार्थ्यास यासारखा दुसरा काळ नाही. आपल्या अर्जात ‘ऑफ सीझनमधील देखभाल-दुरुस्तीच्या कामात’ असे शब्द आले, म्हणजे मुख्य अभियंत्यांना हा अर्ज माहितीनिशी केला आहे एवढे तत्काळ कळते.

३. अनुभवाच्या जागी एक घडलेले काम

आता मुख्य मुद्दा. आपल्या हातून घडलेले, ज्याचा कागद, छायाचित्र किंवा फाइल दाखवता येईल आणि ज्यावर दोन प्रश्न विचारले असता अडखळावे लागणार नाही, असे एक काम निवडावे. ते मोठे असण्याची गरज नाही. मात्र ज्या कारखान्यास आपण लिहीत आहात, त्याच्या रोजच्या कामाशी त्याचे काही नाते असले पाहिजे. शोध पुढील ठिकाणी घ्यावा :

- प्रयोगशाळेच्या जर्नलमधील एखादी चाचणी, जिची मोजमापे आपण स्वतः घेतली;
- वर्कशॉपमध्ये फिटिंग, वेल्डिंग किंवा लेथवर केलेला जॉब, त्याच्या ड्रॉइंगसह;
- घरच्या शेतातील मोटरपंपाचे ग्लँड पॅकिंग बदलणे, फूटव्हॉल्व्ह काढून साफ करणे यांसारखी कामे, जी ग्रामीण भागातील विद्यार्थी लहानपणापासून करतात आणि अर्जात लिहावयास उगाचच संकोचतात;
- संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला एखादा लहानसा प्रोग्रॅम, जो GitHub वर ठेवला आहे आणि ज्याच्या README मध्ये तो काय करतो व कसा चालवावयाचा हे स्पष्ट लिहिले आहे.

पदविका पूर्ण करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांनी पदविकेच्या काळातील औद्योगिक प्रशिक्षण अवश्य नमूद करावे. त्यांच्या बाबतीत ‘अनुभव नाही’ हे विधान पुष्कळदा खरेही नसते.

४. एक उदाहरण : कुपवाडची फाउंड्री

कराडच्या महाविद्यालयात यांत्रिकी शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा एक विद्यार्थी कुपवाड वसाहतीतील एका लहान फाउंड्रीस लिहू इच्छितो, असे समजा. त्याचा पहिला मसुदा असा होता :

> मी द्वितीय वर्ष यांत्रिकी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून मला कोणताही अनुभव नाही. तथापि मी कष्टाळू, जिद्दी आणि शिकण्यास अत्यंत उत्सुक आहे. आपल्या नामांकित कंपनीत मला संधी मिळाल्यास मी आपला आजन्म ऋणी राहीन. सोबत बायोडेटा जोडला आहे. कृपया विचार व्हावा.

यात व्याकरणाची चूक नाही आणि नम्रतेचीही वाण नाही. परंतु हा मजकूर कोणत्याही विद्यार्थ्याने कोणत्याही कंपनीस पाठवावा असा आहे. फाउंड्री हा शब्द त्यात नाही, तारीख नाही, मुदत नाही, आणि काम कोणते करणार याचा मागमूस नाही. ‘कष्टाळू’ आणि ‘जिद्दी’ ही विशेषणे खरी असली तरी त्यांची खातरजमा करण्याचे कोणतेही साधन मालकाजवळ नाही.

आता या विद्यार्थ्याजवळ वास्तविक काय आहे, ते पाहू. त्याच सत्रात त्याने प्रयोगशाळेत ग्रीन सँडच्या, म्हणजे साच्यासाठी वापरावयाच्या ओलसर वाळूच्या, चाचण्या घेतल्या होत्या. ५० ग्रॅम वाळू तोलून ती १०५ ते ११० अंश सेल्सिअसला वाळवावयाची आणि पुन्हा तोलावयाची. ४८ ग्रॅम भरली तर २ ग्रॅम पाणी उडाले, अर्थात ओल ४ टक्के. ही चाचणी दिसावयास क्षुल्लक, पण फाउंड्रीच्या दृष्टीने तिचे मोल थोडे नाही. वाळू अधिक ओली राहिली तर तप्त धातूच्या स्पर्शाने वाफ होते, तिला बाहेर पडण्यास वाट अपुरी पडली की कास्टिंगमध्ये ब्लो होल उरतात. फार कोरडी राहिली तर साच्याच्या कडा ढासळून वाळू धातूत मिसळते. आणि दोन्ही प्रसंगी माल रिजेक्ट होतो. कित्येक कारखान्यांत या चाचण्यांच्या नोंदी एका वहीत आणि रिजेक्शनच्या नोंदी दुसऱ्या वहीत पडून असतात, व त्या दोन्ही शेजारी मांडून पाहण्यास कोणास सवड नसते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यावर विश्वासाने सोपवता येईल असे काम नेमके हेच. त्यावरून त्याने पाठवलेला ई-मेल पुढीलप्रमाणे :

> विषय : इंटर्नशिपसाठी विनंती – वाळू परीक्षण – यांत्रिकी, द्वितीय वर्ष – १ ते ३० जून
>
> मा. मालक, यांस,
> सादर नमस्कार.
>
> मी कराड येथील महाविद्यालयात यांत्रिकी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. १ ते ३० जून या काळात आपल्या कुपवाड येथील फाउंड्रीत वाळू परीक्षणाच्या कामात इंटर्न म्हणून घ्यावे, ही विनंती.
>
> या सत्रात मी ग्रीन सँडची ओल, परमिॲबिलिटी आणि कॉम्प्रेशन स्ट्रेंग्थ या तीन चाचण्या स्वतः घेतल्या असून माझ्या नोंदींचे एक पान सोबत जोडले आहे. कारखान्यात काम करण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग असेल.
>
> आपल्या पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्येक शिफ्टमध्ये वाळूच्या चाचण्या घेणे, आणि त्यांच्या नोंदी त्या दिवसाच्या रिजेक्शनशेजारी एक्सेलमध्ये मांडून ठेवणे, एवढे काम मी करू शकेन. या नोंदी आपल्या लेखी परवानगीशिवाय महाविद्यालयाच्या अहवालात किंवा अन्यत्र देणार नाही.
>
> माझी राहण्याची सोय मिरजेत मामांकडे आहे. आपला होकार कळताच महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र सादर करीन. प्रत्यक्ष भेटीसाठी कोणत्याही शनिवारी येऊ शकेन.
>
> आपला विश्वासू,
> (पूर्ण नाव, शाखा, महाविद्यालय, मोबाइल क्रमांक)

या मजकुरात चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली अशी की, अनुभव नसल्याची गोष्ट त्याने लपवली नाही आणि तिचे रडगाणेही गायले नाही. चाचण्यांच्या उल्लेखानंतर एका वाक्यात ती सांगून तो पुढे गेला. दुसरी, ‘रिजेक्शन कमी करून दाखवीन’ असे आश्वासन त्याने दिले नाही. तसे लिहिणारा विद्यार्थी फाउंड्री जाणत नाही, हे मालक तत्क्षणी ओळखतात. कारण ब्लो होलचे मूळ वाळूत असेल, तसे ते धातूच्या तापमानात, गेटिंगमध्ये किंवा कोअरमध्येही असू शकते, आणि ते महिनाभरात शोधून काढणे मुरलेल्या माणसासही साधेलच असे नाही. तिसरी, गोपनीयतेची हमी. रिजेक्शनचे आकडे ग्राहकांच्या कानी जाऊ नयेत ही प्रत्येक फाउंड्रीची चिंता असते, आणि विद्यार्थ्याच्या अहवालात ते छापले जातील या भयाने पुष्कळ मालक मुळातच नकार देतात. चौथी गोष्ट मिरजेच्या मामांची. परगावचा मुलगा राहणार कोठे आणि वेळेवर येणार कसा, हा प्रश्न मालक विचारीत नाहीत, पण त्यांच्या मनात असतो. अर्ध्या ओळीत त्याचे निराकरण झाले.

ज्या कारखान्याच्या कामाशी जुळणारी चाचणी आपण केलेली नाही, तेथे दुसऱ्याच्या जर्नलमधील आकडे उतरवून पाठवू नयेत. फाउंड्रीतील माणूस भेटीत पहिला प्रश्न ‘सॅम्पल किती वेळ वाळवले?’ असाच करील.

५. पाठवण्यापूर्वी तपासून पाहा

- पाठवणाऱ्याचा पत्ता स्वतःच्या नावाचा असावा. महाविद्यालयाने दिलेला असेल तर उत्तम.
- जोडपत्रे दोनच : एक पानाचा बायोडेटा आणि घडलेल्या कामाचे एक पान, दोन्ही पीडीएफमध्ये. फाइलचे नाव `resume_final_new2.pdf` असे न ठेवता आपले नाव, शाखा आणि वर्ष त्यात यावे.
- फाइल उघडते की नाही, हे ई-मेल प्रथम स्वतःस पाठवून मोबाइलवर पाहावे. मराठी मजकूर कधी दुसऱ्या यंत्रावर अक्षरे मोडून दिसतो. युनिकोडमध्ये टंकलेखन करून पीडीएफ केल्यास हा धोका बहुतांशी टळतो.
- एका वेळी एकच पत्ता लिहावा. चाळीस कंपन्यांची नावे एका ओळीत दिसली की वाचणारा पुढे वाचत नाही.
- कारखान्याचे नाव विषयात, संबोधनात आणि मजकुरात एकच आहे ना, हे शेवटी पुन्हा पाहावे. जुना मसुदा वापरताना येथेच घात होतो.
- आधार कार्ड, गुणपत्रिका पहिल्या ई-मेलसोबत जोडू नयेत, मागितल्यावर द्याव्यात.

६. उत्तर आले नाही तर

आठ-दहा दिवस थांबून त्याच ई-मेलखाली दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवावे. नव्याने सारा मजकूर लिहू नये. त्यानंतरही पोच नसेल, तर लहान उद्योगाच्या बाबतीत दूरध्वनी करून, ‘अमुक तारखेला ई-मेल पाठवला आहे, आपल्याकडे पोहोचला का?’ एवढेच विचारावे. वसाहतीतील कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारीच असेल असे धरून चालू नये. भेटीस जाण्यापूर्वी वार विचारून घ्यावा. दोन वेळा विचारूनही उत्तर नसेल, तर तो कारखाना सोडून द्यावा आणि पुढच्यासाठी पुन्हा तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करावी; कारण मशीन शॉपसाठी वाळूच्या चाचणीचा उपयोग नाही, तेथे मायक्रोमीटर आणि लेथवरचा जॉब पुढे आणला पाहिजे.

७. मोबदला, दाखला आणि आपले हक्क

- विद्यावेतन. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कराराने नोंदलेल्या उमेदवारास विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. सुटीत केलेली विद्यार्थ्याची इंटर्नशिप साधारणतः त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून मोबदला मिळणार की नाही, हे होकार आल्यावर सरळ विचारून घ्यावे. पहिल्या ई-मेलमध्ये त्याचा विषय काढू नये.
- शासकीय योजना. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेविषयी पुष्कळ विद्यार्थी विचारतात. ज्यांचे शिक्षण चालू आहे, असे उमेदवार त्या योजनेस पात्र नाहीत. सबब आपल्या अर्जात तिचा उल्लेख करू नये.
- पैसे मागणारे. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा ‘परत मिळणारी’ अनामत मागून इंटर्नशिप देऊ करणाऱ्यांपासून दूर राहावे. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.
- सुरक्षितता. सुरक्षा बूट, हेल्मेट आणि चष्मा कारखाना देणार की आपण आणावयाचा, हे आधी विचारावे. महाविद्यालयाचा विद्यार्थी अपघात विमा सुटीतील कारखान्याच्या कामास लागू होतो का, याचा खुलासा कार्यालयातून लेखी घ्यावा.
- लैंगिक छळापासून संरक्षण. २०१३ च्या कायद्यात कामावरील महिलेची व्याख्या व्यापक असून प्रशिक्षणार्थी, तसेच बिनमोबदला काम करणारी स्त्रीही तीत येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे आवश्यक आहे. त्याहून लहान कारखान्याविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.
- दाखला. मुदत, विभाग आणि केलेले काम यांचा उल्लेख असलेला दाखला मिळेल का, हे रुजू होण्यापूर्वीच ई-मेलने विचारून ठेवावे, म्हणजे उत्तर लेखी राहते. शिवाय रोजचे काम तारीखवार एका वहीत लिहून आठवड्याच्या शेवटी पर्यवेक्षकांची सही घ्यावी. दाखल्यास विलंब झाला तरी महाविद्यालयास ही वही दाखवता येते, आणि तिसऱ्या वर्षी पुढचा अर्ज लिहिताना घडलेल्या कामाचा पुरावा म्हणून तिच्यातील एखादे पान, कारखान्याची परवानगी घेऊन, जोडता येते.